क्लायंटला सोप्या मराठीत ईमेल लिहायचा, पण करारातले शब्द हलवायचे नाहीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुण्यात वकिली करतो. जागेचे करारनामे आणि त्यांतून उगवणारी भांडणं हे माझं रोजचं काम. ऑफिसात नवीन आलेली मुलं दर दोन-तीन महिन्यांनी तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवली. उदाहरण सगळीकडे एकच घेतलं आहे: लिव्ह अँड लायसन्स करारनामा, ज्याला आपण बोलताना बिनदिक्कत 'भाडेकरार' म्हणतो. इतकं साधं, तरीही शब्दांनी इतका भरलेला दुसरा कागद शोधून सापडणार नाही.

उदाहरणातल्या क्लायंट निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांना आपण काकू म्हणू. कोथरूडचा फ्लॅट त्यांनी १ जून २०२५ ते ३० एप्रिल २०२६ असा अकरा महिन्यांसाठी दिला. लायसन्स फी दरमहा २८,००० रुपये, अनामत रक्कम १,००,००० रुपये, लॉक-इन कालावधी सहा महिने, म्हणजे ३० नोव्हेंबरपर्यंत. १२ सप्टेंबरला राहणाऱ्या मुलाचा व्हॉट्सॲपवर निरोप आला: 'बदली झाली, ३० तारखेला निघतो.' काकूंचा प्रश्न एका ओळीचा होता: 'आता मी काय करू?'

सोपं लिहायचं म्हणजे नेमकं काय बदलायचं?

करारनाम्यात तीन जातीचे शब्द असतात आणि तिन्ही सारखेच जड दिसतात. घोळ तिथेच होतो.

पहिली जात म्हणजे करारनाम्याने स्वतः ठरवलेली नावं: लायसेन्सर, लायसेन्सी, 'सदर जागा', लायसन्स फी, लॉक-इन कालावधी. यांचा अर्थ त्या कागदापुरता बांधलेला असतो. दुसरी जात कायद्याने अर्थ दिलेल्या शब्दांची: नुकसानभरपाई, नोटीस, थकीत, बांधील. या दोन्हींना हात लावायचा नाही.

तिसरी जात नुसत्या वळणाची. 'सबब', 'येणेप्रमाणे', 'उपरोक्त', 'कामी', 'सदरहू बाबत'. हे सगळं खुशाल काढा. 'सबब'च्या जागी 'म्हणून' लिहिल्याने आजवर कुणी दावा हरलेलं नाही.

एक इशारा मात्र देतो. जुन्या वळणाचा दिसतो म्हणून शब्द फालतू ठरत नाही. खरेदीखतातले 'लिहून देणार' आणि 'लिहून घेणार' आज कानाला जुनाट वाटतात, पण ती दोन पक्षांची नावं आहेत. एका मुलाने ती 'वळण' समजून उडवली. ईमेल वाचून पैसे कुणी कुणाला द्यायचे तेच कळेना.

पण काकूंना 'लायसेन्सी' कसं कळणार? 'भाडेकरू' लिहिलं तर काय बिघडतं?

फोनवर बोलताना काहीच बिघडत नाही. मीही 'तुमचा भाडेकरू' असंच म्हणतो. लेखी मात्र नाही.

भाडेकरू आणि लायसेन्सी यांत मूळचाच फरक आहे. भाडेपट्ट्याने जागेत हक्क निर्माण होतो. लायसन्सने फक्त वापरायची परवानगी मिळते, जागेत हितसंबंध तयार होत नाही. लायसन्सची व्याख्या इंडियन ईझमेंट्स ॲक्ट, १८८२ च्या कलम ५२ मध्ये आहे आणि भाडेपट्ट्याची त्याच वर्षीच्या ट्रान्स्फर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टच्या कलम १०५ मध्ये. मालकाला जागा लवकर परत मिळावी, यासाठी महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये कलम २४ आहे, आणि ते लायसेन्सीपुरतं आहे. भाडेकरूला काढायचा रस्ता वेगळा आणि पुष्कळ लांबचा.

ईमेलमध्ये चुकून 'भाडेकरू' लिहिलं म्हणून लायसेन्सी दुसऱ्या दिवशी भाडेकरू होतो, असं मुळीच नाही. कोर्ट नावापेक्षा व्यवहाराचं खरं स्वरूप बघतं. सर्वोच्च न्यायालयाने १९५९ साली असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया विरुद्ध आर. एन. कपूर या निकालात हेच सांगितलं. लेखी लायसन्स करारनाम्यातल्या गोष्टी निर्णायक पुरावा मानाव्यात, असं कलम २४ च्या स्पष्टीकरणातही आहे. मग एवढी काळजी कशाला? कारण समोरच्या वकिलाला तो ईमेल मिळाला, तर 'यांचे वकीलच याला भाडेकरू म्हणतात' एवढं एक वाक्य त्याच्या हाती लागतं. ते खोडायला आपल्याला एक तारीख जास्त लागते.

उपाय साधा आहे. शब्द पहिल्यांदा येईल तिथेच एकदा ओळख करून द्या: 'लायसेन्सी, म्हणजे तुमच्या फ्लॅटमध्ये सध्या राहणारे गृहस्थ'. पुढे सगळीकडे 'लायसेन्सी'च. काकूंनी तीस वर्षं व्याकरण शिकवलं आहे, एक नवीन शब्द त्यांना जड जात नाही. तोच शब्द प्रत्येक परिच्छेदात वेगळं नाव घेऊन आला, की मात्र जड जातो.

एकच शब्द पुन्हा पुन्हा आला की वाचायला कंटाळवाणं होतं ना?

होतं, आणि होऊ द्यावं. शाळेत निबंधाला समानार्थी शब्दांचे मार्क असतात. इथे 'अनामत रक्कम', 'डिपॉझिट', 'सुरक्षा ठेव' असे तीन शब्द आले, तर वाचणाऱ्याला तीन वेगळ्या रकमा दिसतात.

मराठीत एक जादा अडचण आहे. इंग्रजी करारनाम्यात व्याख्या केलेला शब्द मोठ्या अक्षराने सुरू होतो, त्यामुळे तो ओळीत लगेच दिसतो. देवनागरीत मोठं अक्षर नाही. आपल्या हाती ओळखीची खूण एकच, अक्षरशः तेच स्पेलिंग. एकदा 'लायसेन्सी', एकदा 'लायसन्सी', एकदा 'लायसेंसी' असं झालं, की Ctrl+F सुद्धा उपयोगाचा राहत नाही. म्हणून मी ईमेल लिहायला घेताना करारनाम्यातले सात-आठ शब्द वरच कॉपी करून ठेवतो आणि पाठवण्याआधी ते पुसतो.

चुकीचा ईमेल कसा दिसतो? एखादा नमुना दाखवा.

काकूंच्या प्रश्नावर आमच्या ज्युनिअरने लिहिलेला पहिला मसुदा हा:

> काकू, भाडेकरूने लॉक-इन मोडलं आहे. त्यामुळे डिपॉझिटमधून दोन महिन्यांचं भाडं, म्हणजे ५६,००० रुपये, कापून घेता येतील. बाकीचे ४४,००० आठवड्या-पंधरा दिवसांत परत करा. तो निघाला नाही तर दुप्पट भाडं मिळेल.

वाचायला किती छान! चार वाक्यं, एकही जड शब्द नाही. आता त्याशेजारी करारनाम्याची दोन कलमं ठेवा.

> कलम ९: लॉक-इन कालावधीत लायसेन्सी याने सदर जागा सोडल्यास, लॉक-इन कालावधीतील उर्वरित महिन्यांची लायसन्स फी लायसेन्सर यांना देण्यास लायसेन्सी बांधील राहील.

> कलम ११: लायसेन्सी याने सदर जागा रिकामी करून लायसेन्सर यांच्या स्वाधीन केल्यावर, थकीत लायसन्स फी, वीज व इतर देयके आणि नेहमीच्या वापरातील झीज वगळता झालेले नुकसान वजा करून, उर्वरित अनामत रक्कम लायसेन्सर १५ दिवसांच्या आत बिनव्याजी परत करतील.

'भाडेकरू' आणि 'भाडं' यांबद्दल वर बोललोच. खरी गोम 'कापून घेता येतील' मध्ये आहे. कलम ११ प्रमाणे अनामत रकमेतून 'थकीत' लायसन्स फी वजा होते. थकीत म्हणजे देण्याची तारीख उलटूनही न दिलेली. ऑक्टोबर आणि नोव्हेंबरची फी ३० सप्टेंबरला थकीत आहे का? त्या महिन्यांची तारीखच अजून आलेली नाही. कलम ९ प्रमाणे लायसेन्सी ती देण्यास बांधील आहे, पण तो शब्द 'उर्वरित' आहे, 'थकीत' नाही. म्हणजे ५६,००० मागण्याचा हक्क एका कलमात, आणि अनामत रकमेतून वजा करण्याचा हक्क दुसऱ्या कलमात, जरा वेगळ्या शब्दांवर टांगलेला. दोन्ही बाजूंनी युक्तिवाद होऊ शकतो. मसुद्यात दोन्ही शब्द गेले आणि त्यांच्याबरोबर हा वादही नाहीसा झाला. काकूंना वाटणार, पैसे आपल्याच हातात आहेत, ठेवून घेऊ.

शिवाय ५६,००० ही वरची मर्यादा समजावी. करारमोडीसाठी आधीच ठरवलेली रक्कम असली, तरी भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे कोर्ट त्या रकमेच्या आत वाजवी भरपाई देतं. काकूंना १ नोव्हेंबरपासून दुसरा लायसेन्सी मिळाला, तर नोव्हेंबरचा पूर्ण दावा टिकवणं अवघड जाईल. म्हणून 'मिळतील' नाही, 'मागता येतील'.

४४,००० हा आकडाही हवेतला. विजेचं बिल आणि नुकसान बघितल्याशिवाय तो काढताच येत नाही. राहिलं 'दुप्पट भाडं'. कलम २४ मध्ये जे आहे ते लायसन्सची मुदत संपल्यावर जागा परत न दिल्यास लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई असं आहे. मुदत संपते ३० एप्रिल २०२६ ला. सप्टेंबरमध्ये त्या तरतुदीचा इथे संबंधच नाही. आणि नुकसानभरपाईला 'भाडं' म्हणणं तर उलटंच पडतं. भाडं घेतलं म्हणजे राहायला संमती दिली, असा अर्थ काढायला वाव मिळतो. नुकसानभरपाई म्हणजे संमती नसताना राहिल्याचे पैसे.

आणि 'आठवड्या-पंधरा दिवसांत' मध्ये काय चुकलं?

ही मराठीची खास खोड आहे. आपण 'आठ दिवसांनी या' म्हणतो आणि मनात सात धरतो. 'पंधरा दिवस' म्हणजे दोन आठवडे, चौदासुद्धा चालतात. करारनाम्यात ७ म्हणजे ७ आणि १५ म्हणजे १५. आकडा आकड्यातच लिहा आणि जमल्यास शेवटची तारीख सांगा: 'सदर जागा ३० सप्टेंबरला स्वाधीन झाली, तर १५ ऑक्टोबर २०२५ पर्यंत'.

'एक महिन्याची नोटीस' याचं '३० दिवसांची नोटीस' करू नका. कायद्यात महिना म्हणजे कॅलेंडरचा महिना, जनरल क्लॉजेस ॲक्ट, १८९७ मध्ये तोच अर्थ दिला आहे. फेब्रुवारीत हा फरक दोन दिवसांचा पडतो. आणि '५ तारखेपर्यंत' वाचून कुणी ४ तारीख शेवटची समजतं, कुणी ५. करारनाम्यात '५ तारखेला किंवा त्यापूर्वी' असेल, तर तेच लिहावं. चार अक्षरं जास्त गेली तर जाऊ द्यात.

नम्रपणे लिहिलं तर चालतं ना?

काकूंशी नम्र राहा, कलमाशी नको. 'लायसेन्सी यांनी शक्य झाल्यास उर्वरित फी द्यावी' हे वाक्य आम्ही एका मसुद्यात पकडलं. 'शक्य झाल्यास' ने बंधनाची विनंती झाली. 'द्यावी' तर दुधारी आहे. ते आज्ञा, सल्ला आणि अपेक्षा, तिन्ही होऊ शकतं. करारनाम्यात 'बांधील राहील' असेल तर ईमेलमध्ये 'देण्यास बांधील आहेत'. 'देऊ शकतील' असेल तर 'देऊ शकतात, पण सक्ती नाही' असं उघडच लिहा.

'कळवण्यात येईल', 'वजा करण्यात येईल' असले कर्मणी प्रयोगही टाळा. कोण कळवणार, कोण वजा करणार? कर्ता लिहिला की वाक्य सोपंही होतं आणि अचूकही. दोन्ही एकाच वेळी साधण्याची संधी फार वेळा मिळत नाही.

मग बरोबर ईमेल कसा लिहिला?

शेवटी गेला तो असा:

> विषय: कोथरूड फ्लॅट, दि. १ जून २०२५ चा लिव्ह अँड लायसन्स करारनामा, मुदतीआधी जागा सोडण्याबाबत
>
> आदरणीय काकू,
>
> लायसेन्सी (तुमच्या फ्लॅटमध्ये राहणारे गृहस्थ) ३० सप्टेंबरला निघणार आहेत. लॉक-इन कालावधी ३० नोव्हेंबरपर्यंत आहे, म्हणजे दोन महिने उरतात. याबद्दल करारनाम्यात असं लिहिलं आहे:
>
> 'लॉक-इन कालावधीत लायसेन्सी याने सदर जागा सोडल्यास, लॉक-इन कालावधीतील उर्वरित महिन्यांची लायसन्स फी लायसेन्सर यांना देण्यास लायसेन्सी बांधील राहील.' (कलम ९)
>
> लायसेन्सर म्हणजे तुम्ही. या कलमाप्रमाणे तुम्ही त्यांच्याकडे २ × २८,००० = ५६,००० रुपये मागू शकता. वाद कोर्टात गेला, तर कोर्ट यापेक्षा कमी रक्कम ठरवू शकतं, विशेषतः तुम्हाला मधल्या काळात दुसरा लायसेन्सी मिळाला तर.
>
> ही रक्कम अनामत रकमेतून परस्पर वजा करू नका. कलम ११ मध्ये 'थकीत लायसन्स फी' वजा करता येते असं आहे, आणि पुढच्या महिन्यांची फी आज 'थकीत' म्हणता येईल का, यावर वाद होऊ शकतो. ते वजावटीला लेखी संमती देत असतील तर प्रश्न सुटतो. त्या पत्राचा मसुदा मी पाठवतो.
>
> तुम्ही तीन गोष्टी कराव्यात: त्यांच्या निरोपाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, ३० तारखेला जागा बघून फोटो काढा, आणि विजेचं शेवटचं बिल येईपर्यंत कुठलाही आकडा कबूल करू नका.
>
> वरचं स्पष्टीकरण समजण्यासाठी आहे. शब्दांत फरक वाटला तर करारनाम्यातला मजकूरच धरायचा.

कलम अवतरणात, जसंच्या तसं, 'याने'सकट. त्याच्याखाली आपली भाषा. दोन्हींची सरमिसळ नाही. काकूंनी कलम वगळून फक्त खालचं वाचलं तरी त्यांचं काम होतं. उद्या वकील बदलला, तर त्याला वरचं कलम पुरतं. 'तीन गोष्टी कराव्यात' इथे 'कराव्यात' चालतं, कारण तो आमचा सल्ला आहे, करारातलं बंधन नाही.

शेवटची ती 'मजकूरच धरायचा' ओळ टाकली की आपण सुटलो का?

नाही. ती ओळ सीट बेल्टसारखी, भिंतीवर गाडी घालायची परवानगी नव्हे. वर चुकीचा आकडा दिला आणि क्लायंटने त्यावर विसंबून पैसे अडवले, तर खालच्या ओळीने कुणाचं समाधान होत नाही.

ईमेल फक्त क्लायंटला जातो. इतकी धास्ती कशाला?

कारण तो तिथे थांबत नाही. क्लायंट आपला ईमेल पुढे पाठवतात. मुलाला, भावाला, सोसायटीच्या सेक्रेटरींना, आणि रागाच्या भरात थेट समोरच्या पार्टीला. माझ्यावर हे शेकलं आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मालकांना मी लिहिलं, 'जागा रिकामी होताच डिपॉझिट परत द्यायचं'. वजावटीचं कलम मला पाठ होतं, त्यांनाही माहीत असेल असं मी गृहीत धरलं. त्यांनी ते वाक्य लायसेन्सीला फॉरवर्ड केलं. किल्ली देण्याच्या दिवशी तो माझं वाक्य फोनवर उघडूनच दारात उभा राहिला: 'तुमचे वकील म्हणतात ना, लगेच आणि पूर्ण?' 'पूर्ण' मी लिहिलं नव्हतं, पण 'वजा करून' हेही लिहिलं नव्हतं. फुटलेल्या बेसिनचे पैसे मालकांनी सोडून दिले, आणि माझी फी देताना त्याची आठवणही करून दिली.

दोन पक्षांमधल्या ईमेलचं वजन तर आणखी जास्त. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम १०अ प्रमाणे, केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार अमान्य ठरत नाही. २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांता अॅल्युमिनियम या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ईमेलच्या देवाणघेवाणीतून करार झाल्याचं मान्य केलं. 'चला, एक महिन्याचीच फी द्या' असं काकूंनी परस्पर लिहून टाकलं, तर ती तडजोड ठरू शकते. म्हणून त्यांना पाठवलेल्या ईमेलमधलं वाक्य त्यांनी उचलून पुढे पाठवलं तरी टिकेल, असंच लिहायचं.

करारनामा इंग्रजीत असेल तर?

कलम इंग्रजीतच ठेवा, भाषांतर त्याच्याखाली. व्याख्या केलेल्या शब्दांचं भाषांतर करण्यापेक्षा ते देवनागरीत लिहा, कारण मराठी पर्याय बरेचदा दोन-तीन मूळ शब्दांवर बसतो. 'हमी' हे ठळक उदाहरण. गॅरंटी, वॉरंटी आणि इंडेम्निटी, तिन्हींना लोक हमी म्हणतात. करार अधिनियमात इंडेम्निटी कलम १२४ मध्ये आहे आणि गॅरंटी कलम १२६ मध्ये. पहिल्यात दोन पक्ष, दुसऱ्यात तिसरा कर्जदार मध्ये असतो. नुसतं 'हमी' लिहिलं की वाचणाऱ्याने कोणती समजायची?

पाठवण्याआधी तपासायचं कसं?

मी करारनामा डावीकडे आणि ईमेल उजवीकडे उघडतो. आधी फक्त आकडे आणि तारखा जुळवतो, अर्थ न वाचता. मग व्याख्येतला एकेक शब्द ईमेलमध्ये शोधतो. नंतर उलट शोध: 'भाड', 'डिपॉझिट', 'ताबडतोब', 'साधारण', 'वगैरे'. यातलं जे सापडेल ते बहुधा आपण घुसवलेलं असतं. 'वगैरे' तर हमखास. 'वीज वगैरे बिलं' लिहिलं, की पाणीपट्टी त्यात आली का, यावर वाद सुरू.

शेवटी ऑफिसातल्या एखाद्या बिनवकिलाला वाचायला देतो आणि एवढंच विचारतो: 'काकूंनी ३० तारखेला काय करायचं?' उत्तर बरोबर आलं तर पाठव.

क्लायंट म्हणाल्या, 'एवढं लांबलचक नको, व्हॉट्सॲपवर दोन ओळींत सांगा.' मग?

सांगा की. काकूंनीही तेच म्हटलं. त्यांना गेलेला मेसेज: 'काकू, कलम ९ प्रमाणे उर्वरित दोन महिन्यांची लायसन्स फी मागता येईल. अनामत रकमेतून काहीही वजा करण्याआधी मला फोन करा, तपशील ईमेलमध्ये आहे.'